सुजलेल्या पायाला मोठा नंबर नको

पक्षाघातानंतर आईची डावी बाजू गेली आणि ती व्हीलचेअरवर आली. चार-पाच महिन्यांत डावा पाय संध्याकाळपर्यंत सुजायला लागला आणि जुने बूट चढेनात. मग बहुतेक लोक करतात तेच मी केलं. लक्ष्मी रोडवर गेले आणि तिच्या नेहमीच्या पाच नंबरऐवजी सात नंबरचे बूट घेऊन आले. पाय सहज आत गेला, आम्ही खूश. पंधरा दिवसांनी अंघोळीच्या वेळी पाहिलं तर डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं आणि टाचेच्या मागे रुपयाएवढी कातडी सोललेली. आईला दोन्हीचा पत्ता नव्हता, कारण त्या पायाला नीट जाणवतच नाही.

त्या बुटाचं काय चुकलं आणि नंतर काय जमलं, ते मापांसकट लिहिते आहे. बसून राहणाऱ्या माणसाच्या बुटाचा हिशेब चालणाऱ्याच्या बुटापेक्षा वेगळा असतो. तो दुकानदाराला माहीत असेलच असं नाही. मलाही नव्हता.

आधी सूज समजून घ्या

चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. बसून राहिल्यावर हा पंप थांबतो, पाय दिवसभर लोंबकळलेला असतो आणि पाणी घोट्याशी, पावलाच्या वरच्या भागात साठत जातं. म्हणून ही सूज सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते. पुण्यात एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ती आणखी वाढते. रात्रभर आडवं झालं की बरीचशी उतरते.

अंगठ्याने घोट्याच्या वर पाच-दहा सेकंद दाबून पाहा. खळगा पडून राहिला तर पाणी साठलंय. बूट घेण्याआधी ही सूज डॉक्टरांना एकदा दाखवलेली बरी, कारण हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अॅम्लोडिपिन, यांनीही पाय सुजतात. आणि एका पायाची सूज अचानक वाढली, पोटरी गरम, लाल किंवा घट्ट झाली, तर बुटाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. आईचा डावा पाय नेहमीच जास्त सुजलेला, त्यामुळे 'एकच पाय सुजलाय' एवढ्यावर आम्हाला कळणार नाही. आमच्यासाठी खूण आहे ती 'कालपेक्षा अचानक जास्त' ही. तेवढ्यासाठी तरी माप लिहून ठेवावं लागतं.

दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नका. पायाचा रक्तपुरवठा मुळात कमी असेल तर ते अपाय करतात.

माप दोनदा घ्या: सकाळी आणि दिवेलागणीला

शिवणाची टेप घ्या. माणूस खुर्चीत बसलेला आणि पाऊल खुर्चीच्या पाय ठेवायच्या प्लेटवर टेकलेलं असताना तीन मापं घ्यायची: लांबी, बोटांच्या मुळाशी असलेल्या रुंद भागाचा घेर आणि पावलाच्या वरच्या उंचवट्याचा घेर. लांबीसाठी कागदावर पाऊल ठेवून टाचेची आणि सगळ्यात लांब बोटाची खूण करायची. मोजे घालणार असाल तर मोजे घालूनच मापा. दोन्ही पाय मापा. सकाळी उठल्यावर एकदा आणि संध्याकाळी सहा-सातला एकदा, असं तीन दिवस करा.

आईच्या डाव्या पायाची मापं अशी आली: लांबी २३.४ सेंमी, सकाळ-संध्याकाळ जवळजवळ सारखीच. रुंद भागाचा घेर सकाळी २२.८, संध्याकाळी २३.६. उंचवट्याचा घेर सकाळी २३.६ आणि संध्याकाळी २५.५. म्हणजे पाय लांब होतच नव्हता. सगळा फरक वर होता, उंचवट्याशी १.९ सेंमी.

आता नंबराचं गणित पाहा. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की बूट साधारण साडेआठ मिलिमीटरने लांब होतो, पण घेर मात्र अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच वाढतो. १.९ सेंमी घेर नुसत्या नंबराने मिळवायचा तर चार नंबर वर जावं लागेल आणि बूट सुमारे साडेतीन सेंटिमीटर जास्त लांब होईल. मी दोनच नंबर वाढवले होते, तरी बूट पावणेदोन सेंटिमीटर लांब झाला होता. शिवाय संध्याकाळी वर घट्ट होतच होता. सुजेला जागा मिळाली नाहीच, वर दोन नवी दुखणी मिळाली.

लांबी पायाच्या मापाचीच घ्यायची, पुढे एका बोटाच्या रुंदीएवढी मोकळीक ठेवून. सुजेसाठी लागते ती जागा वर, म्हणजे बुटाचं तोंड आणि खोली. दुकानात 'मोठा नंबर दाखवा' म्हणण्याऐवजी 'पुढपर्यंत उघडणारा, खोल बूट दाखवा' असं म्हणा. डायबेटिक फूटवेअर म्हणून मिळणाऱ्या बुटांत असे नमुने बऱ्याचदा सापडतात. आतली गादी काढता येते का ते पाहा. ती काढली किंवा पातळ घातली की काही मिलिमीटर खोली आयती मिळते. दोन पायांत खूप फरक असेल तर सुजलेल्या पायाच्या मापाचा जोड घेऊन दुसऱ्या बुटात जाड गादी घालायची. उलटं कधीच करायचं नाही.

तोंड बोटांच्या मुळापर्यंत उघडायला हवं, याचं आणखी एक कारण आहे. न जाणवणारं पाऊल बुटात ढकललं की बोटं आत दुमडतात आणि तशीच दिवसभर राहतात. पूर्ण उघडणाऱ्या बुटात आत हात घालून बोटं सरळ करता येतात. मी रोज करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकेक बोट चाचपते. आई म्हणते, "मोजतेस काय, पाचच आहेत." मी मोजतेच.

एका हाताने बंद होणारा पट्टा

आईचा उजवा हात चांगला आहे, त्यामुळे बूट तिने स्वतः घालावा हा तिचा हट्ट आणि माझीही इच्छा. नाडी बाद, चेनचा बूटही बाद. सुजलेल्या पायावर चेन ओढताना कातडी चिमटते आणि कळतही नाही. उरला वेलक्रो.

नव्या बुटाचा वेलक्रो साधा होता, पट्टा आतून येऊन बाहेरच्या बाजूला चिकटणारा. डाव्या बुटावर ही बाहेरची बाजू म्हणजे उजव्या हातापासून सगळ्यात लांबची. वाकून, हात आडवा नेऊन, स्वतःपासून दूर ढकलत चिकटवायचं. तेही पाऊल धरून ठेवायला दुसरा हात नसताना. पट्टा कधी सैल राहायचा, कधी वाकडा.

मंडईजवळ बूट दुरुस्तीला बसणाऱ्या एका काकांना बूट दाखवला. त्यांनी पट्टा दोनदा उघडला, मिटला आणि म्हणाले, "ताई, बाहेरच्या बाजूला कडी लावतो. पट्टा तिच्यातून वळून परत आत येईल. मग आजींना नुसतं स्वतःकडे ओढायचंय." अगदी तेच हवं होतं. कडीतून वळलेला पट्टा ओढताना पाऊलही बाहेर सरकत नाही, कारण ओढ चांगल्या हाताकडे येते. कडी प्लास्टिकची घ्या. धातूची कडी खुर्चीच्या दांड्यावर आपटत राहते आणि तिची धार पायाला लागू शकते.

पट्ट्याची लांबी मात्र हिशेबाने सांगावी लागते. पट्टा कडीतून दुमडतो, त्यामुळे घेर १.९ सेंमी बदलला की पट्ट्याचं टोक दुप्पट, म्हणजे जवळजवळ ४ सेंमी सरकतं. संध्याकाळी पाय सर्वांत फुगलेला असतानाही किमान ४ सेंमी वेलक्रो चिकटलेला राहायला हवा, नाहीतर तो सुटतो. म्हणून चिकटणारा भाग ८ सेंमी तरी हवा. आमच्या बुटावर ५ होता. काकांनी नवा एक इंची पट्टा शिवला. शिवलाच, चिकटवला नाही. गोंदाने लावलेला वेलक्रो पहिल्या पावसात हातात येतो. पट्ट्याच्या टोकाला त्यांनी बोट अडकेल एवढा कापडी फासा ठेवला आणि टाचेच्या मागे दुसरा, बूट ओढून घ्यायला.

घालायची रीत अशी: अधू पाय आधी. तो पाऊल ठेवायच्या ठेंगण्या स्टुलावर घ्यायचा, पट्टे पूर्ण उघडायचे, जीभ बाहेर ओढायची. बोटं आत गेली की मागचा फासा ओढत टाच मागे टेकवायची आणि मगच पट्टे लावायचे, घोट्याजवळचा पहिला आणि पुढचा नंतर. घोट्याजवळचा पट्टा टाचेला मागे धरून ठेवतो. तो सैल राहिला तर बाकीचं सगळं फुकट. काढताना अधू पाय शेवटी.

पट्ट्याखाली एक बोट जेमतेम सरकलं पाहिजे. दुपारी दोन-तीनला एकदा पट्टा उघडून परत लावायचा, कारण सकाळी बरोबर असलेला पट्टा संध्याकाळी आवळतो. बूट काढल्यावर पट्ट्याची खोल खाच कातडीवर दिसली तर तो दिवसभर आवळलेला होता असं समजा.

इथे मज्जारज्जूची इजा असलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल तर आवळलेला बूट किंवा आत वाढलेलं नख, इतक्या छोट्या कारणानेही रक्तदाब एकदम उसळू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. अशा वेळी माणसाला ताठ बसवा, बूट-मोजे-पट्टे काढा, लघवीची नळी अडली आहे का पाहा. लगेच उतार पडला नाही तर हा तातडीचा प्रसंग आहे, दवाखान्यात न्या.

टाच: दुखत नाही, म्हणूनच पाहायची

आईच्या टाचेची कातडी सोलली ती बूट मोठा असल्यामुळे. सैल बुटात खुर्ची हलली की टाच वर-खाली घासते. म्हणून टाचेचा मागचा भाग पावलाला धरणारा हवा, पण आतून मऊ. दुकानात बुटात हात घालून मागच्या शिवणीवरून बोट फिरवा. जिथे बोटाला गाठ लागते तिथे टाचेला जखम होणार. वरची कडा घोट्यामागच्या दोरीसारख्या जाड कंडरेत रुतत नाही ना, तेही बघा.

दुसरं कारण बुटात नसतंच, ते खुर्चीत असतं. पाय मागे सरकू नये म्हणून प्लेटच्या मागे पट्टा असतो, त्यावर टाच घासू शकते. प्लेटची उंचीही बघावी लागते. प्लेट फार खाली असेल तर पाऊल नीट टेकत नाही, पुढे घसरतं, मांडीचा मागचा भाग गादीच्या कडेवर दाबला जातो आणि सूज वाढते. प्लेट फार वर असेल तर मांड्या गादीवरून उचलल्या जातात आणि सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो. योग्य उंचीला मांडी गादीवर सपाट टेकते आणि पूर्ण तळवा प्लेटवर असतो. मांडीखाली, गुडघ्याजवळ, तळहात किंचित घासत सरकला की समजावं जमलं.

नवा बूट आला की ही उंची बदलते, हे आमच्या लक्षात यायला आठवडा गेला. आधी आई घरात अनवाणी बसायची. नव्या बुटाचा तळ अडीच सेंटिमीटर होता, म्हणजे गुडघे अडीच सेंटिमीटर वर गेले. प्लेट तितकीच खाली घ्यायला लागली. दांड्यावरचा बोल्ट पान्याने सैल करून ते होतं. पण जमिनीपासून प्लेटखाली सुमारे ५ सेंमी मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर सोसायटीच्या रॅम्पच्या तोंडाशी आणि गतिरोधकावर प्लेट आपटते. तेवढी जागा उरत नसेल तर पातळ तळाचा बूट घ्या. जाड तळाचा बूट आरामदायक वाटतो म्हणून घेण्यात काही हशील नाही. बसलेल्या माणसाला तळाखाली उशी लागत नाही.

पाय लांब करून उंच टेकवला की भार टाचेच्या मागच्या हाडावर येतो. अशा वेळी आधार पोटरीखाली द्यायचा, टाच अधांतरी राहू द्यायची. टाचेखाली गोल चुंबळ किंवा रिंग ठेवू नका. तिच्या कडांनी भोवतालचा रक्तपुरवठाच दबतो.

नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा तास. काढा, पाहा. मग एक तास, दोन तास, असं करत आठवड्याभरात पूर्ण दिवसावर या. प्रत्येक वेळी टाच, घोट्याची दोन्ही हाडं, करंगळीची बाजू आणि बोटांची टोकं बघायची. लाली दिसली तर बोटाने दाबा. दाबल्यावर फिकी पडून परत रंग येत असेल आणि अर्ध्या तासात जात असेल तर ठीक. दाबूनही फिकी पडत नसेल तर ती दाबजखमेची सुरुवात आहे. त्या जागेवरचा दाब पूर्ण काढा आणि डॉक्टरांना दाखवा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नेहमी दिसत नाही. तिथे जांभळट छटा, आजूबाजूपेक्षा जास्त ऊब किंवा टणकपणा शोधा, दुसऱ्या पायाच्या त्याच जागेशी ताडून. एकटे राहणाऱ्यांना लांब दांड्याचा आरसा उपयोगी पडतो.

मोज्यांबद्दल थोडंसंच: सुती, सैल इलॅस्टिकचे, शिवण बाहेरच्या बाजूला येईल असे उलटे घातलेले, सुरकुती न पडलेले.

दाराला आधी काय लागतं

खुर्ची भिंतीकडे हळूहळू ढकला आणि थांबा. आधी काय टेकलं, प्लेट की बूट? आमच्याकडे बूट. आपल्याकडच्या साध्या खुर्च्यांच्या अॅल्युमिनियम प्लेटी पावलापेक्षा आखूड असतात, त्यामुळे बोटं कडेबाहेरच राहतात. सात नंबरच्या बुटात तर ती पुढच्या पावणेदोन सेंटिमीटरच्या पोकळीसकट दाराच्या चौकटीवर धडकत होती. पोकळ टोक दबायचं, मागून पाऊल घसरत यायचं आणि नखावर मार बसायचा.

म्हणून बुटाचं टोक कडक हवं, आतून मऊ अस्तर असलेलं. चिमटीत दाबून दबलं नाही पाहिजे. कारखान्यातले लोखंडी टोकाचे बूट मात्र नकोत. ते जड असतात आणि सुजलेल्या बोटांवर आतली लोखंडी कडा बसते. सॅंडल उन्हाळ्यात मोहात पाडते, पण बोटं उघडी राहतात आणि पट्ट्यांमधून सूज फुगून येते. हवा खेळायला हवी तर जाळीदार वरच्या भागाचा, बंद टोकाचा बूट घ्या.

उरलेलं काम खुर्चीवर करायचं. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी एसी दुरुस्तीवाल्याकडे किंवा रविवार पेठेत बोहरी आळीत मिळते. ती उभी चिरून प्लेटच्या बाहेरच्या कडेवर आणि नडगीजवळच्या दांड्यावर चढवली, कापडी टेपने गुंडाळली. टोक बोटांच्या पुढे डोकावेल असं बसवलं, त्यामुळे आता भिंतीला आधी फोम लागतो. प्लेट वर दुमडता येते ना, हे टेप लावण्याआधी तपासा. मी आधी लावली, मग सगळी काढली.

पाय मागे घसरून पुढच्या छोट्या चाकात सापडणं याहून वाईट. आईच्या खुर्चीचा टाचेमागचा पट्टा तुटलेला होता आणि कुणाच्या लक्षात नव्हतं. तो बसवला, वर पोटरीमागे एक रुंद पट्टा लावला. प्लेटवर खरखरीत चिकटपट्टीही लावली, कारण पावसाळ्यात ओला तळ अॅल्युमिनियमवरून सरकतो.

रिक्षात बसवताना-उतरवताना नडग्यांना लागतं ते प्लेटच्या कडेनेच. आधी ब्रेक, मग प्लेटी दुमडून किंवा बाजूला फिरवून ठेवायच्या, मग पाय जमिनीवर. प्लेटवर उभं राहून उठायचं नाही, खुर्ची पुढे पलटते.

राहिला घरातला प्रश्न. बाहेर जाताना सगळे काळजी घेतात आणि घरात आल्यावर बूट दाराशी. मग दिवसाचे बारा तास अनवाणी पाय धातूच्या प्लेटवर, आणि जास्तीत जास्त धडका घरातल्याच चौकटींवर. आईला घरात चपला घालून बसणं पटेना. "देवघरासमोर पायात बूट?" तिचं म्हणणं बरोबर होतं. तोडगा असा निघाला की बाहेरचा जोड वेगळा आणि घरातला वेगळा, जो उंबऱ्याबाहेर कधी गेलाच नाही. घरातला जोड हलका, कापडी, त्याच मापाचा, कडीच्या पट्ट्याचा, बंद कडक टोकाचा. पूजेच्या वेळी मी बूट काढून पाय स्टुलावर घेते, खाली मऊ उशी. तळाची जाडी मात्र दोन्ही जोडांची जवळजवळ सारखी ठेवली आहे, नाहीतर रोज दोनदा पाना घेऊन बसावं लागलं असतं.

पाऊल वाकडं झालेलं असेल, बोटं कायमची आखडली असतील किंवा घोट्याला स्प्लिंट असेल, तर दुकानातला बूट बदलून भागत नाही. ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे असे बूट आणि आधार बनवणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाऊन मापाचा बनवून घ्यावा. स्प्लिंट असलेल्यांनी मापही स्प्लिंटसकट द्यावं आणि बूट घेताना ती सोबत न्यावी.

वेलक्रोत केस, धागे आणि चिखल अडकला की पकड जाते. आठवड्यातून एकदा जुन्या फणीने तो साफ करते. पावसात भिजलेला बूट गादी काढून पंख्याखाली, उन्हात नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी उंचवट्याचा घेर मापून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते. मागच्या महिन्यात २५.५ चे २६.३ झाले होते, पट्ट्यावर जागा होती म्हणून बूट बसतच होता. आकडा पाहून डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी गोळी बदलली.